एकाच प्लॉटचे चार k

पाच मजली इमारतीचा सॉईल रिपोर्ट साधारण चाळीस-पन्नास पानांचा असतो. बोअरहोलच्या नोंदी, मातीच्या नमुन्यांच्या चाचण्या, आलेख, आणि शेवटी शिफारशी. स्ट्रक्चरल इंजिनिअर बहुतेक वेळा थेट शेवटच्या पानावर जातो, कारण राफ्टचं डिझाइन करायला बसल्यावर त्याचं सॉफ्टवेअर जमिनीबद्दल त्याला एकच आकडा विचारतं. त्या चौकटीत काही भरल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. या आकड्याचं नाव मॉड्युलस ऑफ सबग्रेड रिअॅक्शन. साइटवर आणि ऑफिसात सगळे त्याला नुसतं k म्हणतात.

व्याख्या एका ओळीची आहे. जमिनीवर जितका दाब दिला, त्याला त्या दाबाखाली जमीन जितकी खचली त्याने भागायचं:

k = p / s

दाब किलोन्यूटन प्रति चौरस मीटरमध्ये आणि खचणं मीटरमध्ये घेतलं, की k किलोन्यूटन प्रति घनमीटरमध्ये मिळतो. जुन्या रिपोर्टमध्ये तो किलो प्रति घनसेंटिमीटरमध्ये असतो, आणि तिथला १ म्हणजे इथले जवळपास १०,०००. एककं बदलताना एखादं शून्य इकडचं तिकडे झाल्याचे किस्से या धंद्यात कमी नाहीत. पण ती चूक निदान सापडते. खरी अडचण अशी, की एककं बरोबर असूनही एकाच प्लॉटसाठी चार वेगवेगळे k निघू शकतात आणि प्रत्येकाच्या मागे एक प्रतिष्ठित पद्धत उभी असते.

राफ्ट म्हणजे इमारतीच्या सगळ्या कॉलमांखाली मिळून टाकलेला एकच जाड काँक्रीटचा स्लॅब. जमीन मऊ असली, किंवा सुटी फुटिंग इतकी मोठी व्हायला लागली की ती एकमेकांना भिडतील, तर राफ्ट परवडतो. त्याचं गणित नेहमीच्या स्लॅबच्या उलटं आहे. वरून कॉलम दाबतात, खालून जमीन ढकलते आणि मध्ये राफ्ट वाकतो. तो कुठे किती वाकेल हे कळण्यासाठी जमीन कुठे किती ढकलते ते कळायला हवं, आणि ते तर राफ्ट कुठे किती खचला यावर अवलंबून. हा गुंता सोडवायला जमिनीचं काहीतरी सोपं रूप लागतं. अभियंत्यांनी ते रूप स्प्रिंगांचं मानलं. राफ्टची एक पट्टी म्हणजे तुळई, तिच्याखाली शेजारी शेजारी उभ्या असंख्य स्प्रिंगा, आणि प्रत्येक स्प्रिंगचा ताठपणा म्हणजे k.

ही कल्पना इमारतींसाठी जन्मलेलीच नाही. एमिल विंकलर हे जर्मन अभियंते प्राग इथे शिकवत असताना, १८६७ साली, त्यांनी आपल्या ग्रंथात ती मांडली. त्यांच्यासमोर प्रश्न रेल्वेच्या रुळाचा होता: चाकाचा भार आला की रूळ किती वाकतो? पुढे १९२० च्या दशकात वेस्टरगार्ड यांनी तीच कल्पना काँक्रीटच्या रस्त्यांना लावली आणि त्या क्षेत्रात ती आजही टिकून आहे. आपल्याकडच्या काँक्रीट रस्त्यांच्या जाडीचा हिशेबही k वरूनच सुरू होतो. रूळ आणि रस्ता दोन्ही ठिकाणी भार एका चाकाएवढा, परिणाम थोड्या खोलीपुरता. स्प्रिंगांचं चित्र तिथे बऱ्यापैकी खरं ठरतं. पंधरा मीटर रुंद राफ्टखाली तेच चित्र आणलं की मात्र ते जपून वापरावं लागतं.

आता एक नमुना प्लॉट घेऊ. राफ्ट १५ मीटर बाय २० मीटर, जाडी ६०० मिलिमीटर. कॉलम दोन्ही दिशांना ५ मीटर अंतरावर, प्रत्येकावर १,५०० किलोन्यूटन म्हणजे साधारण दीडशे टन भार. एका कॉलमच्या वाट्याला २५ चौरस मीटर जमीन येते, म्हणजे सरासरी दाब ६० किलोन्यूटन प्रति चौरस मीटर. राफ्टचं स्वतःचं वजन हिशेबात धरत नाही, कारण जवळपास तेवढ्याच वजनाची माती खणून बाहेर काढलेली असते. खाली घट्ट चिकणमातीचा जाड थर, आणि बऱ्याच खोलीवर कठीण मुरूम.

पहिला k येतो प्लेट लोड टेस्टमधून. पायाच्या पातळीपर्यंत खड्डा खणतात. तळ सपाट करून, बारीक वाळूचा पातळ थर पसरून त्यावर ३० सेंटिमीटरची जाड पोलादी प्लेट बसवतात. प्लेटवर हायड्रॉलिक जॅक आणि त्याच्या डोक्यावर वाळूच्या पोत्यांनी लादलेला मचाण, म्हणजे जॅकला वर टेकायला वजन मिळतं. प्लेटवर डायल गेज टेकवलेली असतात. ती ज्या पट्टीला बांधलेली असतात त्या पट्टीचे पाय प्लेटपासून चांगले लांब रोवावे लागतात, नाहीतर पट्टीच प्लेटबरोबर खचते आणि गेज खोटं बोलतं. दाब टप्प्याटप्प्याने वाढवायचा, प्रत्येक टप्प्यावर खचणं थांबत आलं की वाचन घ्यायचं. समजा १०० किलोन्यूटन प्रति चौरस मीटर दाबाला प्लेट अडीच मिलिमीटर खचली. १०० भागिले ०.००२५, म्हणजे k झाला ४०,०००.

हा आकडा तसाच सॉफ्टवेअरमध्ये गेला तर उत्तर येईल, की ६० च्या दाबाखाली इमारत दीड मिलिमीटर खचेल. चिकणमातीवरची पाच मजली इमारत दीड मिलिमीटर! इथेच शंका यायला हवी.

गडबड कुठे झाली? दाबाचा परिणाम भाराच्या रुंदीच्या साधारण दीड ते दोन पट खोलीपर्यंत पोचतो. ३० सेंटिमीटरच्या प्लेटने जेमतेम अर्धा मीटर माती जोखली, आणि तीही काही तासांत. राफ्टचा दाब वीस-पंचवीस मीटर खाली जाणार आहे आणि चिकणमातीतलं पाणी हळूहळू बाहेर पडत ती महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं बसत राहणार आहे. माती तीच, पण जितकी रुंद वस्तू तितकी ती जास्त खचते, आणि म्हणून k तितका कमी. रस्त्यांच्या मानकांत हे उघड मान्य केलेलं आहे: तिथे ७५ सेंटिमीटरची प्लेट प्रमाण धरतात, आणि ३० सेंटिमीटरच्या प्लेटवर मिळालेला k वापरायचा तर तो निम्मा करून. म्हणजे k हा मातीचा गुणधर्म नाहीच. माती, तिच्यावरच्या वस्तूचा आकार आणि दाबाचा काळ या तिघांचा मिळून तो बनतो.

कार्ल टेरझागी यांनी १९५५ साली याच विषयावर लिहिलेल्या प्रसिद्ध लेखात चिकणमातीसाठी सरळ नियम दिला: प्लेटच्या आणि पायाच्या रुंदीचं जे गुणोत्तर, त्या प्रमाणात k कमी करा. आपल्या प्लॉटला तो लावला तर ०.३ भागिले १५, म्हणजे पन्नासावा हिस्सा. दुसरा k निघाला ८००, आणि इमारत खचणार ७५ मिलिमीटर. दीडवरून थेट पंचाहत्तर. पण या नियमात माती खोलवर एकसारखी आहे असं गृहीत आहे. दख्खनच्या पठारावर सहसा तसं नसतं. काळी माती किंवा पिवळट चिकणमाती काही मीटर, खाली मुरूम, त्याखाली बेसॉल्टचा खडक. मुरूम जवळपास खचत नाही, तेव्हा ८०० हा आकडा अशा जागी फारच घाबरट ठरतो.

तिसरा k घाईतला. जोसेफ बोल्स यांच्या पाठ्यपुस्तकातून एक सूत्र देशभर पसरलं आहे: जमिनीची सुरक्षित धारणक्षमता, म्हणजे एसबीसी, गुणिले ४०, गुणिले सुरक्षांक. सुरक्षांक ३ धरला तर एसबीसीला १२० ने गुणायचं की झालं. ४० कुठून आले? जमीन तिच्या अंतिम क्षमतेला २५ मिलिमीटर खचते, या गृहीतकातून. १ भागिले ०.०२५ म्हणजे ४०. आपल्या प्लॉटची एसबीसी रिपोर्टमध्ये १५० दिली आहे, तर k झाला १८,०००. मात्र त्याच रिपोर्टमध्ये, एसबीसीच्याच ओळीत लिहिलेलं असतं, की हे १५० राफ्ट ७५ मिलिमीटर खचू दिला तर. आपल्या मानकांमध्ये राफ्टला फुटिंगपेक्षा जास्त खचण्याची मुभा आहेच. मग चौथा k काढायला सूत्रच नको: १५० भागिले ०.०७५, बरोबर २,०००. हा आकडा थरवार हिशेब करून आलेल्या खचण्यावर उभा आहे, म्हणून चारांत तोच विश्वासाचा. सूत्राचा k त्याच्या नऊपट आहे, आणि दोन्हींचा आधार एकाच रिपोर्टातलं एकच वाक्य. फरक एवढाच, की एकाने ते वाक्य अर्धं वाचलं.

तर ४०,०००, १८,०००, २,००० आणि ८००. पन्नास पट फरकाच्या आकड्यांवर इमारती उभ्या राहतात आणि तरी त्या पडत नाहीत, हे कसं?

याचं उत्तर तुळईच्या गणितात आहे. स्प्रिंगांवरच्या तुळईवर एका जागी भार आला की ती काही अंतरापर्यंत वाकते आणि त्यापलीकडे तिला भाराचा पत्ता नसतो. हे अंतर तुळईच्या ताठपणावर आणि k वर ठरतं, पण चौथ्या मुळाने. k सोळापट केला तर ते अंतर फक्त निम्मं होतं. आपल्या राफ्टची ५ मीटर रुंद पट्टी तुळई म्हणून घेतली आणि एम-२५ काँक्रीट धरलं, तर k ४०,००० असताना या अंतराचं माप २.६ मीटर येतं, आणि २,००० असताना ५.५ मीटर. k वीसपट बदलला, माप दुपटीच्या आसपास.

आता एकसारखा भार असलेले, एकसारख्या अंतरावरचे कॉलम घ्या. ४०,००० धरून कॉलमखालचा बेंडिंग मोमेंट पट्टीत सुमारे ६१२ किलोन्यूटन-मीटर येतो. २,००० धरून सुमारे ६२५. फरक सुमारे दोन टक्के! सळईचा एक व्यासही बदलणार नाही. कॉलम इतके जवळ आहेत, की जमीन मऊ असो की ताठ, दाब सगळीकडे जवळपास सारखाच पसरतो. राफ्टच्या भारतीय मानकात, आयएस २९५० मध्ये, यासाठीच एक कसोटी आहे: कॉलममधलं अंतर वरच्या मापाच्या पावणेदोन पटीपेक्षा कमी असेल, तर राफ्ट ताठ समजा, दाब सरळ रेषेत पसरतो असं धरा आणि स्प्रिंगांच्या भानगडीत पडूच नका. २,००० चा k धरला तर आपला राफ्ट या कसोटीला सहज उतरतो. ४०,००० धरला तर थोडक्यात नापास होतो.

टेरझागींनीही हेच सांगितलं होतं. k चुकला तरी मोमेंट फारसा चुकत नाही, म्हणून या पद्धतीने मोमेंट काढा; पण तिच्यावरून इमारत किती खचेल ते मात्र काढू नका. ऑफिसांमध्ये पहिला अर्धा भाग लक्षात राहिला. सॉफ्टवेअरने रंगीत नकाशात दाखवलेलं खचणं रिपोर्टला जोडलं जातं, आणि ते मुळात चौकटीत भरलेल्या k चंच प्रतिबिंब असतं.

पण मोमेंटची ही निश्चिंती भार सारखे असतील तोवरच. याच इमारतीत मधोमध लिफ्ट आणि जिना आहे असं समजा, आणि तिथल्या कॉलमवर १,५०० ऐवजी ३,००० किलोन्यूटन येतात. हा जास्तीचा १,५०० चा भार शेजाऱ्यांमध्ये एकटा आहे. त्याला तोलायला बाजूला दुसरा नाही. पट्टी दोन्हीकडे लांब धरून ढोबळ हिशेब केला, तर या एकट्या भाराचा मोमेंट ४०,००० च्या k ला सुमारे ९७० येतो आणि २,००० च्या k ला सुमारे २,०५०. आधीचे मिळवले की एकीकडे पावणेसोळाशेच्या आसपास, दुसरीकडे पावणेसत्तावीसशे. प्लेटच्या k वर विसंबून राफ्टच्या तळाला सळई घातली, तर लिफ्टखाली ती चाळीस टक्के कमी पडते. खरी पट्टी अमर्याद लांब नसते, त्यामुळे प्रत्यक्षातला फरक थोडा कमी भरेल. दिशा मात्र हीच. जमीन आहे त्याहून ताठ समजणं म्हणजे भार जागच्या जागी जमिनीत उतरतो असं मानणं, आणि मग राफ्टला फारसं वाकावंच लागत नाही, निदान कागदावर तरी.

स्प्रिंगांच्या चित्रात दुसरा दोष आहे, आणि तो k कितीही अचूक काढला तरी जात नाही. या स्प्रिंगा एकमेकींना ओळखत नाहीत. प्रत्येक स्प्रिंग स्वतंत्र पिशवीत शिवलेली गादी असते, तशातला हा प्रकार: एकीवर बसलं तर शेजारची हलत नाही. जमीन अशी वागत नाही. एका जागी दाबलं की शेजारची मातीही थोडी खाली जाते. त्यामुळे सारख्या भाराच्या राफ्टचा मध्य चारी बाजूंच्या दाबाने जास्त खचतो, आणि कडांना एका बाजूने शेजारच नसल्यामुळे त्या कमी खचतात. एकसारख्या, खोल, लवचिक जमिनीवर आयताकृती जागेत समान भार पसरला, तर मध्यभाग कोपऱ्याच्या बरोबर दुप्पट खचतो, हे गणिताने सिद्ध झालेलं आहे. जमिनीला थाळीसारखा खोलगा पडतो आणि राफ्ट त्यात वाकतो.

एकसारख्या k च्या स्प्रिंगांवर तोच राफ्ट ठेवून बघा. सगळ्या स्प्रिंगा सारख्या दबतात, राफ्ट सपाटच्या सपाट खाली जातो आणि भार समान पसरलेला असेल तर मोमेंट शून्य येतो. गोदामाची किंवा पाण्याच्या मोठ्या टाकीची फरशी असेल तर हा दोष फार महागात पडतो. तिथे भार खरोखर समान असतो, संगणक किमान सळईवर समाधान मानतो, आणि पुढे मधल्या भागात तळाकडून चिरा जातात, ज्या वरून दिसतही नाहीत. इमारतीत याचा दुसरा परिणाम वर चढतो: मधले कॉलम जास्त खाली गेले की त्यांच्यावरचा काही भार तुळया आणि भिंतींमार्फत बाहेरच्या कॉलमांवर सरकतो. कडेचे कॉलम डिझाइनपेक्षा जास्त ओझं वाहतात, आणि राफ्टच्या हिशेबात त्याची नोंद नसते.

यावरचा रुळलेला उपाय सोपा आहे. राफ्टचे आतून बाहेर दोन-तीन पट्टे पाडायचे आणि बाहेरच्या पट्ट्याला मधल्याच्या दुप्पट k द्यायचा, सरासरी मात्र तीच ठेवून. आपल्या प्लॉटवर मध्यभागी १,५०० च्या आसपास, कडेला ३,००० च्या आसपास. आता स्प्रिंगांवरही थाळी पडते आणि लपलेला मोमेंट उत्तरात येतो. लांबचा पण जास्त खरा मार्ग असा, की स्ट्रक्चरल इंजिनिअरने आपल्या पहिल्या हिशेबातला दाबाचा नकाशा जिओटेक्निकल इंजिनिअरकडे पाठवायचा. त्याने त्या दाबाखाली प्रत्येक भागाचं खचणं थरवार काढून परत पाठवायचं. दाब भागिले खचणं केलं की प्रत्येक भागाचा नवा k, तो घालून पुन्हा हिशेब. दोन-तीन फेऱ्यांत दोघांचे आकडे जुळतात. ते न होण्याचं कारण तांत्रिक नसतं. सॉईल रिपोर्ट देऊन, बिल घेऊन जिओटेक्निकलवाला केव्हाच मोकळा झालेला असतो आणि बिल्डरला ड्रॉइंग सोमवारी हवी असतात.

उत्तर हाती आल्यावर तपासायच्या गोष्टी थोड्याच. सगळ्या स्प्रिंगांच्या प्रतिक्रियांची बेरीज वरच्या एकूण भाराएवढी हवी. कुठे स्प्रिंग ओढली जात असेल, म्हणजे राफ्ट जमिनीवरून उचलला जात असेल, तर तिथली स्प्रिंग काढून हिशेब पुन्हा करायचा, कारण माती राफ्टला धरून ठेवत नाही. एखाद्या कोपऱ्यात दाब एसबीसीच्या वर गेला तर तिकडे बघायला हवं. आणि k एकदा निम्मा, एकदा दुप्पट करून तीन उत्तरं शेजारी ठेवायची. बहुतेक राफ्टभर सळई तीच राहील. जिथे ती बदलते, सहसा लिफ्टखाली, शिअर वॉलच्या टोकाशी किंवा कडेच्या कॉलमपाशी, तिथे तिन्हींतलं सगळ्यात जास्त सळईचं उत्तर घ्यायचं.

बांधकाम सुरू झाल्यावर k प्रत्यक्षही मोजता येतो, आणि खर्च जवळपास काहीच नाही. तळमजल्याच्या काही कॉलमांवर, मधल्या आणि कोपऱ्यातल्या, खुणेची पट्टी पक्की करून घ्यायची आणि प्रत्येक स्लॅब झाल्यावर लेव्हल यंत्राने तिची उंची वाचायची, तीही इमारतीपासून लांबच्या स्थिर खुणेच्या आधाराने. आपल्या प्लॉटवर दोन स्लॅब झाले आणि दाब २४ वर पोचला, तेव्हा मधला कॉलम ८ मिलिमीटर उतरलेला दिसला, तर त्या क्षणाचा k झाला ३,०००. गृहीत धरलेल्या २,००० पेक्षा तो जास्त भरतो, कारण चिकणमाती अजून पुरती बसलेली नाही. पुढच्या पावसाळ्यानंतरचं वाचन घेतल्यावर तो किती उतरला ते दिसेल, आणि कोपऱ्यातल्या कॉलमचं वाचन शेजारी मांडलं की थाळी किती खोल पडली तेही.